खुल्या तुरुंगात कोण जातो?

महाराष्ट्रातल्या खुल्या कारागृहांच्या शेतात राबणाऱ्या बंद्यांचे गुन्हे पाहिले, तर सर्वांत जास्त वेळा आढळतो तो खून. ज्यांना न्यायालयाने फाशीखालोखालची शिक्षा दिली, ती माणसे सकाळी उघड्या रानात पाणी सोडायला, कापणीला, गुरांमागे जातात. त्यांच्याभोवती उंच भिंत नसते आणि बंदूकधारी पहारा नसतो. त्याच वेळी चारदा पाकीट मारून पकडला गेलेला माणूस मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीआड, गच्च भरलेल्या बराकीत दिवस मोजत असतो. खुनी उघड्यावर आणि भुरटा चोर कुलपात, ही व्यवस्था प्रथम ऐकणाऱ्याला उफराटी वाटते.

यामागे तर्क आहे, आणि तो समजून घेतला की तुरुंगाचे सगळे कामकाज वेगळे दिसू लागते. किती मोठा गुन्हा केला याचे उत्तर न्यायालयाने शिक्षेच्या वर्षांत दिलेले असते. तुरुंगापुढचा प्रश्न निराळा आहे. हा माणूस पळण्याचा प्रयत्न करील का, पळाला तर बाहेरच्यांना त्याच्यापासून किती धोका, आणि आत राहिला तर इतर बंद्यांना किती धोका? या उत्तरांवर माणूस कुठल्या कोठडीत, कुठल्या बराकीत किंवा कुठल्या शेतावर राहील हे ठरते. त्यालाच बंद्यांचे वर्गीकरण म्हणतात. खुले कारागृह ही त्या शिडीची सर्वांत वरची पायरी.

पहिल्या दिवसाची विभागणी

बंदी कारागृहाच्या दरवाजातून आत आला की आधी त्याची झडती होते. मग ओळखीच्या खुणा, अंगावरच्या जखमा, आजार, नातेवाइकांची नावे आणि न्यायालयाचा आदेश यांची नोंद होते. प्रत्येक शिक्षाबंदीचे एक हिस्ट्री तिकीट तयार होते. पुढच्या काळात त्याला कोणते काम दिले, किती माफी मिळाली, कोणती कसूर झाली, रजेवर कधी गेला आणि कधी परतला हे सारे त्यावर चढत जाते. दहा वर्षांनी त्याला खुल्या कारागृहात पाठवायचे का हे ठरवताना समितीपुढे प्रत्यक्ष माणसाइतकेच हे कागदही बोलतात.

पहिली विभागणी कायद्यानेच केलेली असते. स्त्रिया वेगळ्या, तरुण बंदी वेगळे, कच्चे कैदी वेगळे, शिक्षा झालेले वेगळे. १८९४ च्या कारागृह अधिनियमातही ही विभागणी आहे. त्यानंतर पहिल्यांदा शिक्षा झालेले आणि सराईत यांना वेगळे ठेवले जाते. हेतू असा की, रागाच्या भरात एकदा गुन्हा करून बसलेल्या माणसाची टोळीत मुरलेल्यांशी ओळख होऊ नये. टोळीयुद्धातले, दहशतवादाच्या खटल्यातले किंवा आधी पलायन केलेले यांच्यासाठी कडक बंदोबस्ताचा स्वतंत्र भाग असतो. आर्थर रोड आणि येरवड्याची अंडा सेल वर्तमानपत्रांमुळे सर्वांना ठाऊक आहे. विरोधी टोळ्यांची माणसे एका बराकीत येऊ नयेत, ही काळजीही याच विभागणीत घ्यावी लागते.

आपल्याकडे वर्गीकरणाला एक जुने दुखणेही आहे. इंग्रजांच्या काळात 'अ', 'ब' आणि 'क' असे वर्ग होते, पण ते धोक्यावरून पाडलेले नव्हते. बंद्याचे शिक्षण, सामाजिक प्रतिष्ठा आणि राहणीमान पाहून ते दिले जात, आणि त्यावर त्याचे जेवण, अंथरूण, कपडे ठरत. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि सहकाऱ्यांनी राजकीय कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध उपोषण केले. त्यात ६३ दिवसांनी जतीन दास यांचा मृत्यू झाला. त्यानंतर सरकारने वर्गांची फेरमांडणी केली, पण माणसाची पत पाहून त्याचा तुरुंग ठरवण्याची सवय मोडली नाही.

ती किती खोल होती हे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा दाखवून दिले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर न्यायालयाने अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. वर्गीकरणाच्या दृष्टीने त्या निकालाचा दुसरा भाग तितकाच मोलाचा आहे. काही नियमावल्यांत भटक्या किंवा एके काळी 'गुन्हेगार' म्हणून नोंदवलेल्या जमातीचा माणूस म्हणजे सराईत किंवा पळून जाण्याची शक्यता असलेला, असे धरण्याची मुभा होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्याचे गृहीतक तुरुंगाच्या पुस्तकात जिवंत राहिले. महाराष्ट्रात पारधी समाजाने या संशयाची झळ पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. ज्याला जन्मावरून सराईत ठरवले, त्याच्यासाठी खुल्या कारागृहाचा रस्ता पहिल्याच दिवशी बंद होतो. 'सराईत' हा शब्द कायद्याच्या व्याख्येपुरताच वापरावा, असे न्यायालयाने बजावले.

धोका मोजायचा कसा

वर्गीकरण धोक्यावरून करायचे असेल तर कसोटी कशी असावी, याचे गाजलेले उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. रशियासाठी हेरगिरी केल्याबद्दल ४२ वर्षांची शिक्षा भोगणारा जॉर्ज ब्लेक ऑक्टोबर १९६६ मध्ये लंडनच्या वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगाची भिंत दोराच्या शिडीने ओलांडून निसटला. चौकशीचे काम सरकारने लॉर्ड माउंटबॅटन यांच्याकडे दिले, तेच आपले अखेरचे व्हाइसरॉय. त्यांनी सुचवलेले चार वर्ग थोड्याफार फरकाने तिथे अजून चालतात.

'ए' वर्गात ज्याचे पलायन जनतेला, पोलिसांना किंवा राष्ट्राच्या सुरक्षेला अत्यंत घातक ठरेल असा कैदी. 'बी' वर्गात एवढ्या कडेकोट बंदोबस्ताची गरज नसलेला, पण ज्याचे पलायन फार अवघड करून ठेवायला हवे असा. 'सी' वर्गात उघड्यावर ज्याचा भरवसा धरता येत नाही, पण नेटाने पलायन करण्याची ताकद किंवा साधने ज्याच्यापाशी नाहीत असा. आणि 'डी' वर्गात भिंतीशिवायही ज्याच्यावर वाजवी विश्वास टाकता येईल असा. या वर्गासाठी खुले तुरुंग आहेत.

चारही व्याख्यांत गुन्ह्याचे नाव कुठेच नाही. गुन्हा हा धोक्याचा एक पुरावा म्हणून विचारात घेतला जातो, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो. दुसरे, वर्ग कायमचा नसतो. 'बी'मध्ये आलेला माणूस काही वर्षांनी 'सी'मध्ये आणि सुटकेच्या जवळ आल्यावर 'डी'मध्ये जाऊ शकतो, आणि वागणूक बिघडली तर उलटाही येतो. प्रत्येक वेळी कारणे लिहून फेरविचार करावा लागतो.

या मोजमापाने काय साधते हे खुल्या तुरुंगांतून निघून जाणाऱ्यांच्या आकड्यांवरून दिसते. तिथे भिंत नसल्याने 'पलायन' करावे लागत नाही, माणूस नुसता चालत निघून जातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३-०४ या वर्षात असे १,३०१ जण निघून गेले होते. दहा वर्षांनी हा आकडा सव्वादोनशेच्या घरात आला. त्या काळात खुल्या तुरुंगांभोवती कोणी भिंती बांधल्या नव्हत्या. मुख्य फरक पडला तो कोणाला तिथे पाठवायचे याच्या आधीच्या तपासणीत.

तपासणी चुकते तेव्हा काय होते तेही तिथेच दिसले. मे २०१४ मध्ये एक सशस्त्र दरोडेखोर खुल्या तुरुंगातून दिवसाच्या रजेवर गेला आणि परतला नाही. चार दिवसांनी त्याने पुन्हा दरोडा घातला आणि पकडला गेला. त्याच्या पूर्वेतिहासात कैदेतून निसटून गुन्हे केल्याच्या नोंदी होत्या. तरीही शिडीवर तो वर चढत गेला, कारण अलीकडची चांगली वागणूक त्या जुन्या नोंदींना भारी ठरली. त्यानंतर पूर्वी असे निघून गेलेल्यांना खुल्या तुरुंगात पाठवण्यावर कडक बंधने आली.

एका बंद्याचा रस्ता

आपल्याकडे हा रस्ता कसा चालतो ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. समजा, मराठवाड्यातला बत्तीस वर्षांचा एक शेतकरी आहे. बांधावरून चुलतभावाशी भांडण झाले, हातात कुऱ्हाड होती, एक घाव वर्मी लागला. खुनाच्या कलमाखाली जन्मठेप झाली. आधीचा एकही गुन्हा नाही. खटल्याच्या काळात तो जिल्हा कारागृहात होता, शिक्षेनंतर मध्यवर्ती कारागृहात आला.

पहिली काही वर्षे तो इतर शिक्षाबंद्यांसारखाच. सकाळी गिनती, मग कारखान्यात सुतारकाम किंवा विणकाम, संध्याकाळी पुन्हा गिनती आणि कुलूप. या काळात कारागृह त्याच्याकडे तीन गोष्टींसाठी पाहत असते. पहिली शिस्त: मोबाइल, गांजा, मारामारी यांबद्दल शिक्षा झाली का? दुसरी काम: नेमून दिलेले काम करतो का, अंगमेहनतीला शरीर साथ देते का? तिसरी आणि सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे रजा. पात्र झाल्यावर बंद्याला ठरावीक दिवसांची फर्लो म्हणजे संचित रजा मिळू शकते, आणि घरात आजारपण, मृत्यू, लग्न असे काही असेल तर पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. तो गावी जातो, ठरल्या तारखेला परततो. वर्षानुवर्षे वेळेत परत आलेला माणूस उघड्यावर टिकेल की नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही. उलट एकदा रजेवरून फरार झालेल्याला पोलिसांनी धरून आणले असेल, तर बाकी सगळे चांगले असूनही त्याचे नाव मागे पडते.

महाराष्ट्रात खुल्या कारागृहांसाठी १९७१ चे नियम आहेत. पात्र बंद्यांची यादी मध्यवर्ती कारागृहातून तयार होते आणि निवड समिती त्यातून नावे ठरवते. बंदी शरीराने आणि मनाने धडधाकट असावा, त्याची वागणूक चांगली असावी, खुल्या वातावरणाचे नियम पाळायला तो तयार असावा. दरोडा आणि जबरी चोरीसारखे गुन्हे, सराईतपणा आणि पूर्वीचे पलायन या गोष्टी सामान्यतः अपात्र ठरवतात. आपल्या शेतकऱ्याच्या कागदावर यांतले काहीच नाही. गुन्हा एकदाच, ओळखीच्या माणसाशी, एका विशिष्ट भांडणातून घडला. त्याला शेती येते. गावाकडे बायको-मुले आहेत. समजा, सात वर्षांनी तो पैठणला येतो.

पैठणचे खुले कारागृह १९६८ साली सुरू झाले. जायकवाडी धरणाचे काम त्या काळात चालू होते आणि बंद्यांच्या हातांची तिथे गरज होती. आज तिथले मुख्य काम शेतीचे. आपला शेतकरी दिवसभर रानात असतो. रात्री त्याला बराकीत यावे लागते, गिनती द्यावी लागते, पण दिवसाच्या बहुतेक वेळी कोणी त्याच्या पाठीवर नसते. मजुरी मिळते. पण तिथे टिकून राहायला खरे बळ देते ती माफी. खुल्या कारागृहात काढलेल्या प्रत्येक महिन्यामागे तीस दिवसांची माफी मिळते, म्हणजे एक दिवस राहिला की दोन दिवस धरले जातात.

याचा हिशेब मांडून पाहू. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर माफी कितीही असली तरी प्रत्यक्ष १४ वर्षे तुरुंगात काढावीच लागतात. १९७८ पासून कायद्यात तशी तरतूद आहे. त्याखेरीज मुदतपूर्व सुटकेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे माफीसह ठरावीक वर्षे भरावी लागतात. आधीचा इतिहास नसताना, जमिनीच्या वादातून, रागाच्या भरात, एकट्याने आणि बेत न करता केलेल्या खुनासाठी ती २० वर्षे धरू. आपल्या शेतकऱ्याने सात वर्षे बंद कारागृहात काढली, पुढची सात पैठणला. पैठणच्या सातांची चौदा झाली. बंद कारागृहातली माफी न धरताही बेरीज २१ होते, म्हणजे प्रत्यक्ष १४ वर्षांनी त्याचा प्रस्ताव शासनापुढे जाऊ शकतो. तोच बंद कारागृहात राहिला असता आणि महिन्याला सरासरी सात दिवस माफी मिळाली असती, तर वीस वर्षे भरायला प्रत्यक्ष सोळा वर्षांहून थोडा अधिक काळ लागला असता. सुटका दोन्ही वेळी आपोआप होत नाही, निर्णय शासनाचाच. पण पळून गेल्यास ही सगळी बेरीज जाते, आणि ते प्रत्येक बंद्याला तोंडपाठ असते.

चारदा पाकीट मारणारा मागे का राहतो ते आता लक्षात येईल. त्याची शिक्षा वर्ष-दीड वर्षाची. तेवढ्या काळात ना रजेची परीक्षा होते, ना वागणुकीचा दीर्घ पुरावा जमतो. शिवाय तो सराईत ठरलेला असतो. त्याच्याकडे गमावण्यासारखी माफीही थोडीच. खुनाच्या कैद्याकडे मात्र लांब शिक्षा, वाढते वय, वाट पाहणारे कुटुंब आणि हातात येऊ घातलेली सुटका, हे सगळे असते. त्याला रोखून धरायला हे पुरते.

खुलेपणाच्या पायऱ्या

'खुले' हा शब्द एकच असला तरी त्यात पायऱ्या आहेत. पैठणसारख्या ठिकाणी बंदी एकटा राहतो आणि तुरुंगाच्याच शेतीवर काम करतो. त्याच्या पुढची पायरी महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तिथे कैद्यांना जमीन देऊन मोकळ्यावर वसवण्याचा प्रयोग केला. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची ही कल्पना. त्याच वर्षी औंधने आपल्या प्रजेला स्वराज्याची घटनाही दिली, आणि प्रयोगामागे तोच विचार होता. १९५७ चा व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला. त्याचे लेखन त्याच माणदेशात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांचे. स्वतंत्रपूरच्या वसाहतीत आजही बंदी बायको-मुलांसह राहू शकतो, पण तिची क्षमता तीसच्याही आत आहे.

याच कल्पनेचा सर्वांत पुढे गेलेला नमुना राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला आहे. १९६३ मध्ये सुरू झालेल्या या शिबिराला राजस्थानचे तेव्हाचे राज्यपाल संपूर्णानंद यांचे नाव आहे. तिथे बंदी कुटुंबासह राहतात आणि सकाळी गिनती देऊन शहरात कामाला जातात. कोणी रिक्षा चालवतो, कोणी शाळेत शिपाई असतो, कोणी कारखान्यात. स्वतःच्या कमाईवर घर चालवतात, विजेचे बिल भरतात आणि संध्याकाळच्या गिनतीला परततात. हजेरी घेणे, भांडणे मिटवणे हे काम बंद्यांनीच निवडलेली पंचायत पाहते.

सांगानेरमध्ये तुरुंगाला बंद्याच्या जेवणाचा खर्च नाही आणि पहाऱ्याचा जवळपास नाही. राजस्थान राज्य विधी सेवा प्राधिकरणासाठी स्मिता चक्रवर्ती यांनी २०१७ मध्ये तिथल्या खुल्या कारागृहांचा अभ्यास केला. त्यात जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात एका बंद्यामागे महिन्याला सुमारे सात हजार रुपये आणि सांगानेरला सुमारे पाचशे रुपये खर्च येतो, असे दिसले. अशा आकड्यांनंतर ही व्यवस्था सगळीकडे पसरली असेल असे वाटेल.

रिकाम्या जागा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात १,३३० कारागृहे होती आणि त्यांतली ९१ खुली. सर्वाधिक, म्हणजे ४१, राजस्थानात आणि त्यामागोमाग १९ महाराष्ट्रात. देशभरच्या कारागृहांत क्षमतेच्या १३१ टक्के बंदी कोंबलेले होते. खुल्या कारागृहांत मात्र क्षमतेच्या सुमारे तीन-चतुर्थांश जागाच भरलेल्या होत्या. एकीकडे बराकीत पाय पसरायला जागा नाही आणि दुसरीकडे तयार जागा रिकाम्या.

यामागचे पहिले कारण सरळ आहे. २०२२ मध्ये देशातल्या बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, आणि खुले कारागृह शिक्षा झालेल्यांसाठी असते. कच्च्या कैद्याला माफी नसते, त्याच्या सुटकेची तारीख नसते, त्याच्यावर कामाची सक्ती करता येत नाही. खुल्या कारागृहाची सगळी रचना ज्या आधारावर उभी आहे, तोच त्याच्यापाशी नाही. त्याच्यासाठी जामीन हाच उपाय असू शकतो. म्हणजे प्रश्न उरलेल्या चौथ्या हिश्श्याचा आहे.

त्यातलेही बरेच जण नियमांच्या पहिल्याच ओळीत गळतात, कारण अपात्रता कलमांवरून ठरलेली आहे. वीस वर्षांपूर्वी एका दरोड्यात सामील झालेला, आता पन्नाशी उलटलेला, दहा वेळा रजेवरून वेळेत परतलेला माणूस कलम पाहताच बाजूला काढला जातो. त्याच्याबद्दल धोक्याचा प्रश्न विचारलाच जात नाही. स्त्रियांचेही असेच. १९७१ च्या नियमांत स्त्रिया सामान्यतः अपात्रांच्या यादीत होत्या, जणू त्यांचा धोका सर्वांत मोठा. पुढे येरवड्यात महिलांसाठी खुले कारागृह सुरू झाले, तेव्हा कळले की अडचण धोक्याची नव्हतीच, त्यांच्यासाठी सोय करण्याची होती. नियमांत 'सामान्यतः' हा शब्द असतो आणि त्यात अपवादाला जागा असते. पण अपवाद करायचा तर कारण लिहून सही करावी लागते, म्हणून तो शब्द बहुधा वापराविना राहतो.

काही वेळा नकार बंद्याकडूनच येतो. मध्यवर्ती कारागृहात मुलाखतीला घरची माणसे बसने येऊ शकतात, तर खुले कारागृह दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात असते. शहरात वाढलेल्याला शेतीचे काम झेपत नाही. कोणाचे अपील उच्च न्यायालयात चालू असते आणि वकिलाजवळ राहणे त्याला गरजेचे वाटते. सांगानेर भरलेले राहते यात कुटुंब आणि शहरातली कामे या दोन गोष्टींचा वाटा मोठा आहे.

सर्वांत मोठी अडचण मात्र सही करणाऱ्या अधिकाऱ्याची आहे. निवड दोन प्रकारे चुकू शकते. नको त्या माणसाला पाठवले आणि तो निघून गेला, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी, चौकशी, स्पष्टीकरणाची नोटीस. योग्य माणसाला पाठवले नाही, तर काहीच घडत नाही. तो बराकीतच राहतो, दोन वर्षे उशिरा सुटतो, त्याची मुले त्याच्याविना मोठी होतात, आणि सरकार त्याच्यावर महिन्यामागून महिने खर्च करत राहते. या दुसऱ्या चुकीची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये होत नाही. जी चूक मोजली जाते तीच टाळण्याकडे माणसाचा कल असतो. म्हणून यादी आखडत जाते.

हे बदलायचे असेल तर काय करावे लागेल, हे इंग्लंडच्या अनुभवावरून आणि आपल्याच हिस्ट्री तिकिटावरून दिसते. ठरावीक वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक शिक्षाबंद्याचे नाव, त्याने अर्ज केला असो वा नसो, दरवर्षी समितीपुढे यावे. नाकारले तर कारण लिहिले जावे, आणि त्या कारणात कलमाचा आकडा पुरेसा मानू नये: तो पळेल असे का वाटते, आणि पळाला तर कोणाला धोका, हे लिहावे लागावे. कारण लिहून द्यायचे म्हटले की रजेच्या नोंदी उघडून पाहाव्या लागतात, आणि बऱ्याच फायलींत नकाराला आधारच सापडणार नाही. असे कोरे नकार वर्षाअखेरीस मोजले, तर पलायनाच्या आकड्याशेजारी दुसऱ्या चुकीचाही आकडा उभा राहील. आज अधीक्षकाला फक्त पहिल्याबद्दल विचारले जाते. दोन्हींबद्दल विचारले गेले, तर पैठणच्या रिकाम्या खाटा आणि मध्यवर्ती कारागृहाच्या भरलेल्या बराकी यांतले अंतर कमी करणे हे त्याचेही काम होईल.